वापरलेले अणुइंधन किती वर्षे धोकादायक? एका बंडलाचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुकचऱ्याचा विषय निघाला की कुणी म्हणतो ‘तीनशे वर्षे’, कुणी म्हणतो ‘लाखो वर्षे’, आणि दोघेही आपलेच खरे म्हणून भांडतात. खरे तर दोघेही बरोबर असतात, फक्त ते एकाच इंधनातल्या दोन निरनिराळ्या पदार्थांबद्दल बोलत असतात. खालचे प्रश्न व्याख्यानांनंतर पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून एकच नग हातात धरला आहे : गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या, कारवारजवळच्या कैगा येथील २२० मेगावॅटच्या भट्टीत वापरले जाते तसे इंधनाचे एक बंडल. आकडे ढोबळ आहेत, पण प्रत्येक आकडा वजन आणि अर्धायुष्य, म्हणजे पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ, यांवरून कागदावर मांडून पाहता येतो.

बंडल म्हणजे नेमके काय? वापरून झाल्यावर त्यात काय उरते?

झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या १९ नळ्या एकत्र जोडलेल्या, लांबी साधारण अर्धा मीटर, जाडी वीतभरापेक्षाही कमी. नळ्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या भरलेल्या असतात. सगळे मिळून १५ किलोच्या आसपास ऑक्साइड, म्हणजे १३.४ किलो नैसर्गिक युरेनियम. नवे बंडल हातमोजे घालून उचलता येते. भट्टीत अशी ३,६७२ बंडले एका वेळी असतात.

सव्वा वर्षभर भट्टीत राहून बंडल बाहेर येते तेव्हा दिसायला तसेच असते. आत मात्र सुमारे १०० ग्रॅम युरेनियम आणि प्लुटोनियम फुटून गेलेले असते आणि त्या जागी तेवढ्याच वजनाचे विखंडनाचे तुकडे तयार झालेले असतात. त्याखेरीज ५० ग्रॅमच्या आसपास नवे प्लुटोनियम असते. बाकीचे १३ किलोहून जास्त युरेनियम जवळजवळ जसेच्या तसे. आपल्या सगळ्या प्रश्नाचे मूळ या १५० ग्रॅममध्ये आहे.

विखंडनाचे तुकडे आणि अ‍ॅक्टिनाइड यांत फरक काय?

जन्माचाच फरक आहे. न्यूट्रॉन लागून युरेनियमचा अणू फुटला की दोन मध्यम वजनाचे तुकडे होतात : सिझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडिन, टेक्नेशियम असे. पण कधी अणू फुटत नाही, न्यूट्रॉन गिळून टाकतो आणि आणखी जड होतो. मग युरेनियम-२३८ पासून प्लुटोनियम-२३९ होते, त्याने आणखी एक न्यूट्रॉन गिळला की २४०, मग २४१. युरेनियम, नेपच्युनियम, प्लुटोनियम, अमेरिशियम, क्युरियम या जड मूलद्रव्यांचा गट म्हणजे अ‍ॅक्टिनाइड.

तुकड्यांच्या अर्धायुष्यांकडे पाहिले की एक विलक्षण गोष्ट दिसते. बहुतेकांचे अर्धायुष्य सेकंदांपासून काही वर्षांपर्यंत. मग सिझियम-१३७ (३० वर्षे), स्ट्रॉन्शियम-९० (सुमारे २९ वर्षे) आणि ९० वर्षांच्या आसपासचे समॅरियम-१५१. त्यानंतर एकदम टेक्नेशियम-९९ येते, २ लाख ११ हजार वर्षांचे. शंभर वर्षे ते दोन लाख वर्षे या मधल्या पट्ट्यात मोजण्याजोग्या प्रमाणात एकही तुकडा नाही. ही मधली रिकामी जागा अ‍ॅक्टिनाइड भरून काढतात : अमेरिशियम-२४१ चे अर्धायुष्य सुमारे ४३३ वर्षे, प्लुटोनियम-२४० चे ६,५६१ आणि प्लुटोनियम-२३९ चे २४,११० वर्षे. ‘तीनशे’ आणि ‘लाख’ हे दोन्ही आकडे या मांडणीतूनच येतात.

अर्धायुष्य जितके मोठे तितका पदार्थ जास्त घातक ना?

नाही, एक ग्रॅमला एक ग्रॅम असे तोलले तर जवळजवळ उलट आहे. अर्धायुष्य मोठे म्हणजे अणू सावकाश फुटणारे, म्हणजे दर सेकंदाला कमी किरण. एक ग्रॅम सिझियम-१३७ मध्ये सेकंदाला सुमारे ३ लाख २० हजार कोटी अणू फुटतात. एक ग्रॅम प्लुटोनियम-२३९ मध्ये २३० कोटी. म्हणजे सिझियम हजारपटीहून जास्त तापट.

मात्र फुटण्याची जातही पाहावी लागते. सिझियमच्या मागोमाग निघणारे गॅमा किरण बंडलाच्या बाहेर येतात आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला भेदून जातात. प्लुटोनियम आणि अमेरिशियम प्रामुख्याने अल्फा कण सोडतात, जे साध्या कागदानेही अडतात. पण तोच कण फुप्फुसात किंवा हाडात बसलेल्या धुळीतून सुटला तर त्याची सगळी ऊर्जा मोजक्या पेशींवर रिकामी होते. म्हणून सिझियमपासून अंतर राखायचे आणि भिंत घालायची, तर प्लुटोनियमचा कण श्वासात आणि पोटात जाऊ द्यायचा नाही. धोक्याचे हे दोन प्रकार आहेत आणि काळ या दोहोंवर सारखा चालत नाही.

भट्टीतून काढल्यावर पहिल्या दहा वर्षांत काय घडते?

या काळात सगळा प्रश्न उष्णतेचा असतो. भट्टीत असताना एक बंडल सरासरी २०० किलोवॅट उष्णता देते. विखंडन थांबल्या क्षणी त्याच्या सहा-सात टक्के उष्णता तुकड्यांच्या ऱ्हासातून येतच राहते, म्हणजे १३ किलोवॅट. एका दिवसाने ती किलोवॅटच्या आसपास येते, वर्षाने पन्नासेक वॅट, दहा वर्षांनी अवघी तीन वॅट, रात्री लावतात त्या छोट्या एलईडी दिव्याएवढी.

ही घसरण इतकी उतरती असण्याचे कारण अल्पायुषी तुकडे. आयोडिन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, सेरियम-१४४ साडेनऊ महिन्यांत, रुथेनियम-१०६ वर्षभरात. दहा वर्षांत हे सगळे संपल्यातच जमा होतात आणि पुढचा भार सिझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० या दोघांवर येतो. म्हणूनच इंधन आधी पाण्याच्या खोल तलावात ठेवतात. पाणी उष्णता वाहून नेते आणि गॅमा किरणही अडवते. तलावातून कोरड्या कास्कमध्ये, म्हणजे जाड भिंतींच्या बंद पिंपात, हलवायचे तर ही उतरण बहुतेक सरल्यावरच.

मग सिझियम-स्ट्रॉन्शियम जास्त धोकादायक की प्लुटोनियम? पारडे केव्हा फिरते?

मला हा प्रश्न सगळ्यांत आवडतो, कारण तो कागदावर सोडवता येतो. बंडल काढले तेव्हा त्यात सुमारे साडेतीन ग्रॅम सिझियम-१३७ आणि दीड ग्रॅमहून थोडे जास्त स्ट्रॉन्शियम-९० असते. दुसऱ्या बाजूला सुमारे ३३ ग्रॅम प्लुटोनियम-२३९, १३ ग्रॅम प्लुटोनियम-२४० आणि २.७ ग्रॅम प्लुटोनियम-२४१.

आता दोन्ही पारड्यांना एकच माप लावू. एखादा पदार्थ पोटात गेला तर शरीराला किती मात्रा मिळेल याचे प्रमाणित गुणक ठरलेले आहेत. त्यांनी गुणायचे आणि तुलनेला एक ओळखीचे माप घ्यायचे : हे बंडल बनवायला जेवढे युरेनियम लागले, तेवढेच युरेनियम खाणीत आपल्या रेडियमसारख्या वंशजांसह पडून असते तर त्याचा जेवढा धोका, तो ‘१’. यापुढे मी त्याला धातुकाची पातळी म्हणेन.

| काढल्यानंतरची वर्षे | सिझियम + स्ट्रॉन्शियम | प्लुटोनियम + अमेरिशियम |
|---|---|---|
| १० | ७५० | २६० |
| ५० | २९० | २८० |
| १०० | ९० | २७० |
| ३०० | १ हूनही थोडे कमी | २२० |
| १,००० | नगण्य | १४० |
| १०,००० | नगण्य | ६० |
| १,००,००० | नगण्य | २ ते ३ |

या मापाने पारडे पन्नास वर्षांच्या सुमारास फिरते. उष्णतेचे माप लावले तर ते ऐंशीच्या आसपास फिरते, कारण स्ट्रॉन्शियम आणि सिझियम उष्णतेत जास्त काळ वरचढ राहतात. माप बदलले की वर्ष बदलते. त्यामुळे कुणी ‘अमुक वर्षांनी धोका संपतो’ असे म्हणाले, तर कोणत्या मापाने हे आधी विचारावे.

तीनशे वर्षांच्या ओळीत डावीकडचा रकाना धातुकाच्या पातळीला येऊन पोचला आहे. तीस वर्षांची दहा अर्धायुष्ये म्हणजे तीनशे वर्षे, आणि दहा वेळा निम्मे केले की हजारावा भाग उरतो. ‘तीनशे वर्षे’ म्हणणाऱ्यांचा आकडा हाच. उजवीकडचा रकाना तिथे पोचायला सव्वा लाखाहून जास्त वर्षे घेतो, आणि शेवटी तो जवळजवळ सगळा एकट्या प्लुटोनियम-२३९ चा असतो.

उजवा रकाना सुरुवातीला वाढतो कसा? किरणोत्सार तर कमीच होत जातो ना?

एकूण किरणोत्सार कमीच होतो. पण एक पदार्थ मरताना दुसऱ्याला जन्म देतो, आणि तो दुसरा जास्त त्रासदायक असू शकतो. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य फक्त १४.३ वर्षे. तो सोडतो ते बीटा कण अगदी दुबळे असतात. पण त्याच्या ऱ्हासातून तयार होते अमेरिशियम-२४१, जे अल्फा कण सोडते आणि ४३३ वर्षांचे अर्धायुष्य घेऊन येते. पोटात गेल्यावर अमेरिशियमच्या एका अणूच्या फुटण्याने होणारी हानी प्लुटोनियम-२४१ च्या तुलनेत चाळीसपट.

आपल्या बंडलात काढताना अमेरिशियम जवळजवळ नसते. दहा वर्षांनी साधारण एक ग्रॅम झालेले असते, तीस वर्षांनी दोन ग्रॅम. ते वाढत वाढत ७३ व्या वर्षी सर्वाधिक होते, सुमारे २.४ ग्रॅम, आणि तिथून सावकाश उतरू लागते. हे ७३ वर्ष कुठल्या भट्टीचे नाही, दोन अर्धायुष्यांच्या गुणोत्तरातून येते, म्हणून जगातल्या कुठल्याही वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम-२४१ पासून येणाऱ्या अमेरिशियमचा कळस त्याच सुमारास असतो.

२.४ ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटते. हेच अमेरिशियम-२४१ काही जुन्या पद्धतीच्या धुराच्या अलार्ममध्ये असते, एका अलार्ममध्ये ग्रॅमचा तीस लाखावा भाग. या हिशेबाने एका बंडलातले अमेरिशियम सत्तर लाखांहून जास्त अलार्मना पुरेल.

मग इंधनावर पुनर्प्रक्रिया लवकर करावी की थांबून?

भारताला हा प्रश्न थेट लागू पडतो, कारण आपले धोरण इंधन न पुरता त्यातून प्लुटोनियम व युरेनियम वेगळे काढण्याचे आहे. त्याचे कारखाने ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम येथे आहेत. उरलेला तीव्र किरणोत्सारी द्राव बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. हे काम तारापूर आणि ट्रॉम्बेलाही चालते. तारापूरच्या साठवण इमारतीत हे डबे वाऱ्याच्या नैसर्गिक वहनाने थंड होत राहतात.

नेहमीच्या पद्धतीत प्लुटोनियम बाहेर निघते, पण अमेरिशियम कचऱ्याच्या द्रावातच राहते. म्हणून पुनर्प्रक्रिया ज्या दिवशी होते, त्या दिवशी अमेरिशियम किती झाले आहे यावर काचेचे भविष्य ठरते. दोन दिवस निवडून मांडून पाहू.

पाच वर्षांनी पुनर्प्रक्रिया केली, तर तोवर अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त अमेरिशियम तयार झालेले असते. काचेत तेवढेच जाते. धातुकाच्या मापाने ते ३६ भरते आणि १ वर यायला सुमारे २,२०० वर्षे घेते. तीस वर्षे थांबून केली, तर दोन ग्रॅम अमेरिशियम काचेत जाते, माप १२४, आणि वेळ सुमारे ३,००० वर्षे. म्हणजे कचऱ्याच्या बाजूने पाहिले तर लवकर करणे बरे.

पण मग ते न झालेले अमेरिशियम गेले कुठे? ते प्लुटोनियम-२४१ च्या रूपात वेगळ्या काढलेल्या प्लुटोनियमबरोबर गेले आणि तिथे, साठवणीच्या डब्यात, वाढू लागले. प्लुटोनियम ताबडतोब इंधनात घातले तर उत्तमच. ते पडून राहिले तर अमेरिशियमचे ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण ते हाताळणाऱ्यांना लागू लागतात, आणि ते पुन्हा शुद्ध करावे लागते. शिवाय प्लुटोनियम-२४१ स्वतः चांगले इंधन आहे आणि अमेरिशियम न्यूट्रॉन खाते, म्हणजे दुहेरी तोटा. जपानच्या मोंजू भट्टीत याचा प्रत्यय आला. डिसेंबर १९९५ मध्ये सोडियमची गळती होऊन ती बंद पडली, आणि २०१० मध्ये पुन्हा सुरू करायची तर इतकी वर्षे नुसत्या बसलेल्या इंधनातले प्लुटोनियम-२४१ घटले होते. सुरू करण्याआधी त्यातले काही इंधन बदलावे लागले.

उलट बाजूने, लवकर पुनर्प्रक्रिया म्हणजे जास्त तापट इंधन हाताळणे आणि काचेच्या प्रत्येक डब्यात जास्त उष्णता. काच फार तापली तर तिची रचना बिघडते, म्हणून डब्यात कचरा कमी भरावा लागतो आणि डबे वाढतात. माझे मत विचाराल तर, वेगळे काढलेले प्लुटोनियम लगेच वापरायची सोय असेल तरच घाई करावी. नसेल, तर ते इंधनातच राहिलेले बरे.

अमेरिशियमही वेगळे काढले तर खरोखर तीनशे वर्षांत काम होते?

हिशेबाने होते. प्लुटोनियम आणि अमेरिशियम दोन्ही गेले की टेबलाचा डावा रकानाच उरतो, आणि तो २९० वर्षांच्या सुमारास १ वर येतो. तारापूरला अ‍ॅक्टिनाइड वेगळे काढण्याचा प्रायोगिक प्रकल्पही उभारलेला आहे.

अडचण काटेकोरपणाची आहे. आपल्या मापात बंडलातल्या दीर्घायुषी प्लुटोनियमचा दर शंभरातला एक भाग म्हणजे धातुकाची एक पातळी. म्हणजे ९९ टक्के काढले तरी उरलेला एक टक्का एकट्याने पूर्ण पातळी व्यापतो. अमेरिशियमचे मापही १२४ असल्याने तेही ९९ टक्क्यांहून जास्त काढावे लागते. आणि अमेरिशियम हे रासायनिक स्वभावाने विखंडनातून आलेल्या लँथॅनाइड मूलद्रव्यांसारखे आहे, ज्यांचे प्रमाण द्रावात कितीतरी जास्त असते. प्लुटोनियम वेगळे काढणे त्या मानाने सोपे, अमेरिशियम निवडून काढणे खरे कसबाचे. शिवाय वेगळे काढलेले अमेरिशियम जादूने नाहीसे होत नाही. ते जलद न्यूट्रॉनांच्या भट्टीत फोडावे लागते, आणि एका फेरीत सगळे फुटत नाही.

विखंडनाच्या तुकड्यांचा मात्र उपयोगही होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने कचऱ्याच्या द्रावातून सिझियम-१३७ काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली बनवल्या आहेत, ज्या रक्तपेढ्यांत रक्त चढवण्याआधी त्यावर किरण टाकायच्या यंत्रांत वापरल्या जातात.

जमिनीत खोल पुरले तर सर्वांत मोठी भीती प्लुटोनियमचीच ना?

इथे बहुतेकांची फसगत होते, माझीही कधीकाळी झाली होती. वरचे टेबल सांगते की पदार्थ पोटात गेला तर काय होईल. तो पोटात जाईल का, हे ते सांगत नाही. खोल जमिनीतल्या, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात प्लुटोनियम आणि अमेरिशियम जवळजवळ विरघळतच नाहीत, आणि विरघळलेला अंशही मातीच्या कणांना चिकटून बसतो.

आयोडिन-१२९ उलट स्वभावाचे. बंडलात ते अर्ध्या ग्रॅमहून कमी, अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षे, आणि आपल्या मापात त्याचा वाटा एकाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण पाण्यात ते ऋणभारित आयन होऊन फिरते, आणि चिकणमातीचे कणही ऋणभारित असल्याने ती त्याला धरून ठेवत नाही. म्हणून चिकणमातीतल्या भांडारांच्या सुरक्षा-हिशेबांत दूरच्या भविष्यात पृष्ठभागापर्यंत पोचणारी जी थोडी मात्रा दिसते, तिच्यात आयोडिन-१२९ सारख्या फिरत्या पदार्थांचा वाटा मोठा असतो. टेबलात नगण्य असलेला पदार्थ तिथे पुढे येतो.

याची निसर्गाने केलेली चाचणीही आहे. आफ्रिकेत गॅबॉनमधील ओक्लो येथे १९७२ मध्ये युरेनियमच्या खाणीत सापडले की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे आपोआप विखंडन चालले होते. तिथले प्लुटोनियम जागीच राहून युरेनियममध्ये बदलले. आयोडिन आणि झेनॉन, क्रिप्टॉनसारखे वायू मात्र निसटून गेले.

तरी ‘प्लुटोनियम हलतच नाही’ असेही म्हणू नये. अमेरिकेच्या नेवाडामधील भूमिगत अणुचाचणीच्या जागी ते खनिजांच्या अतिसूक्ष्म तरंगत्या कणांवर बसून सुमारे तीस वर्षांत १.३ किलोमीटरवर पोचलेले आढळले. प्रमाण अत्यल्प होते, पण वाट आहे हे कळले. भांडारात इंधनाभोवती बेंटोनाइट चिकणमाती घट्ट ठासतात, तिचे एक काम असे कण गाळून अडवणे हेही आहे.

फिनलंडमध्ये इंधन पुरण्याआधी चाळीसेक वर्षे का थांबतात?

त्या बेंटोनाइटसाठीच. ओल्किलुओटो येथे ४०० मीटरहून खोल खडकात, पाच सेंटिमीटर जाड तांब्याच्या डब्यांत इंधन ठेवायचे आणि भोवती बेंटोनाइट भरायचा अशी योजना आहे. बेंटोनाइट १०० अंश सेल्सियसच्या वर गेला तर त्याचा फुगण्याचा आणि अडवण्याचा गुण बिघडू शकतो. डब्याची उष्णता मर्यादेत आणण्याचे दोन मार्ग : डब्यात कमी इंधन भरा, किंवा सिझियम-स्ट्रॉन्शियम निम्म्याहून कमी होईपर्यंत थांबा. थांबणे स्वस्त पडते.

त्यापुढे आणखी थांबून मात्र फायदा आटत जातो. शंभराव्या वर्षी आपल्या बंडलाची पाऊण वॅटच्या आसपास उष्णता उरते आणि तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा अमेरिशियम व प्लुटोनियमचा असतो, जो आणखी पन्नास वर्षांनी फारसा उतरत नाही.

एखादे इंधन किती जुने आहे हे कसे ओळखतात?

गॅमा किरणांच्या ऊर्जांवरून. सिझियम-१३७ ची खूण ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर दिसते. तिच्याशेजारी सिझियम-१३४ च्या खुणा असतात, ज्याचे अर्धायुष्य फक्त दोन वर्षे. दोघांचे गुणोत्तर दर दोन वर्षांनी जवळजवळ निम्मे होते, त्यामुळे इंधन किती जळाले हे माहीत असेल तर ते भट्टीतून केव्हा काढले याचा अंदाज बांधता येतो. वीस वर्षांत सिझियम-१३४ चा हजारावा भाग उरतो. मग युरोपियम-१५४ (साडेआठ वर्षे) कामी येते.

वेगळ्या काढलेल्या प्लुटोनियमचे वय काढायला वर सांगितलेले अमेरिशियमच घड्याळ होते. शुद्ध केल्या दिवशी ते शून्य असते, मग प्लुटोनियम-२४१ च्या प्रमाणात वाढत जाते. गुणोत्तर मोजले की शेवटचे शुद्धीकरण केव्हा झाले ते वर्ष मिळते. कागदावर लिहिलेली तारीख याच्याशी जुळत नसेल तर चौकशी होते.

घाई कशाला, शंभर-दोनशे वर्षे नुसते साठवून ठेवले तर?

बाहेरून लागणाऱ्या किरणांच्या दृष्टीने इंधन नक्कीच निवळते. शंभर वर्षांत सिझियम-१३७ बरोबर दहाव्या भागावर येते, दोनशे वर्षांत शंभराव्या. झिरकोनियमच्या नळ्या कोरड्या, निष्क्रिय वायूत बऱ्याच काळ टिकतात, पण आतल्या वायूचा दाब आणि धातूत शोषलेला हायड्रोजन यांनी त्या ठिसूळ होऊ शकतात, म्हणून कास्कच्या झाकणाचे सील आणि आतला वायू यांवर लक्ष ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट आहे जी लोकांच्या ध्यानात येत नाही. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या इंधनातले प्लुटोनियम चोरायला कुणी धजत नाही, कारण सिझियमचे गॅमा किरण जवळ जाणाऱ्याला काही तासांत मरणाच्या वाटेला लावतात. ही राखण सिझियम फुकटात करते. शंभर वर्षांनी राखण दहा टक्के उरते, तीनशे वर्षांनी हजारावा भाग, आणि तेव्हा ते बंडल थोडा वेळ हातात धरणेही शक्य होते. त्याच बंडलातले ३३ ग्रॅम प्लुटोनियम-२३९ मात्र तीनशे वर्षांत शंभरात एक भागही घटलेले नसते. म्हणून साठवण लांबली की भिंतींची जाडी कमी चालते, पण कुलपे आणि नोंदवह्या अधिक कडक कराव्या लागतात.